नियम लिहिला, लावला नाही: कायद्याच्या प्रॉब्लेममधले गुण नेमके कुठे जातात

कायद्याच्या पेपरातला प्रॉब्लेम सोडवून आलेला विद्यार्थी छातीठोकपणे सांगतो, "कलम बरोबर लिहिलं, अपवाद बरोबर, केस लॉ बरोबर, शेवटचं उत्तरही बरोबर." निकाल लागतो तेव्हा सहापैकी दोन किंवा अडीच गुण पडलेले असतात. मग तपासणाऱ्याला दोष दिला जातो. बहुतेक वेळा तपासणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. उत्तरपत्रिकेत नियम लिहिलेला असतो, पण लावलेला नसतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सहा गुणांच्या प्रॉब्लेममध्ये जास्तीचं माप दुसरीच्या पदरात पडतं.

नियम लिहिणं म्हणजे काय, ते तुम्हाला येतंच. कलमातले घटक सांगायचे आणि त्यावरचा एक निवाडा द्यायचा. त्यावर वेळ घालवत नाही. नियम लावणं कसं दिसतं हे मात्र उदाहरणाशिवाय कळत नाही, म्हणून फौजदारी कायद्यातला नेहमीचा विषय घेऊ: गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ.

प्रॉब्लेम असा समजा. रघू शेतात मजुरांबरोबर काम करतोय. दुपारी १२ वाजता गणपत बांधावर येतो, रघूच्या बहिणीबद्दल सगळ्यांसमोर अत्यंत घाण बोलतो आणि रघूच्या तोंडावर चप्पल मारतो. रघू काही न बोलता अर्ध्या किलोमीटरवरच्या घरी जातो. जेवतो. कुऱ्हाडीला धार लावतो. २ वाजता परत येऊन गणपतच्या मानेवर तीन घाव घालतो. गणपत जागीच मरतो. रघू भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मधल्या अपवाद १ चा आधार घेतो. तो मिळेल का?

(घटना १ जुलै २०२४ नंतरची असेल तर न्याय संहिता, आधीची असेल तर भारतीय दंड संहितेचं कलम ३००. अपवादाचा गाभा दोन्हीकडे तोच आहे. प्रॉब्लेममध्ये तारीख दिली असेल तर ती बघून कलम लिहा.)

दोन गुणांचं उत्तर साधारण असं असतं: "कलम १०१ अपवाद १ प्रमाणे गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे आरोपीचा स्वतःवरील ताबा सुटून त्याने प्रक्षोभ देणाऱ्याचा मृत्यू घडवला तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले. सबब रघू खुनासाठी दोषी आहे." यात एकही वाक्य चूक नाही. पण 'सबब' या शब्दाच्या आधी रघूचं नावसुद्धा आलेलं नाही. त्या जागी दुसरा कोणी असता, कुऱ्हाडीऐवजी बंदूक असती, दोन तासांऐवजी दोन मिनिटं असती, तरी हा परिच्छेद जसाच्या तसा चालला असता. यातून नियम पाठ आहे एवढंच तपासणाऱ्याला कळतं. रघू दोषी का, ते कळत नाही.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. खरा गोंधळ याच्या पुढच्या पायरीवर होतो, आणि तो होतो अभ्यासू मुलांचा. "तथ्यं लिहा" असा सल्ला कुणीतरी दिलेला असतो, म्हणून ती नियमाखाली प्रॉब्लेमच उतरवून काढतात: "प्रस्तुत प्रकरणात गणपतने रघूला शिवीगाळ केली व चप्पल मारली. त्यानंतर रघू घरी गेला, जेवला, कुऱ्हाडीला धार लावली व २ वाजता येऊन गणपतला मारले. वरील वस्तुस्थितीचा विचार करता प्रक्षोभ गंभीर व आकस्मिक नव्हता, म्हणून अपवाद लागू होत नाही." यात रघू आहे, कुऱ्हाड आहे, वेळही आहे. तरीही नियम लावलेला नाही. तथ्यं एका बाजूला आणि नियम दुसऱ्या बाजूला ठेवून मध्ये "वरील वस्तुस्थितीचा विचार करता" हे शब्द टाकले आहेत. तो विचार कुठेच लिहिलेला नाही, आणि गुण त्या विचाराचेच असतात. हे शब्द उत्तरपत्रिकेतून कायमचे काढून टाका. ते लिहायचा मोह होईल ती जागा ओळखा, कारण तुमचं खरं उत्तर तिथून सुरू व्हायला हवं होतं.

विचार लिहिलेला नसला की तो चुकतोही, हे या उत्तरात दिसतं. प्रक्षोभ गंभीर व आकस्मिक नव्हता, असं ते म्हणतं. प्रत्यक्षात तो दोन्ही होता. मजुरांसमोर बहिणीची बदनामी आणि तोंडावर चप्पल, ही गंभीर गोष्ट आहे. रघूला कल्पना नसताना ती घडली, म्हणजे आकस्मिकही आहे. हा बचाव फसतो तो वेगळ्याच घटकावर: घाव घालताना रघूचा ताबा सुटलेला होता का? 'आकस्मिक' हा शब्द प्रक्षोभाला लागतो, मधल्या वेळेला नाही. गेलेला वेळ महत्त्वाचा ठरतो तो ताबा परत आला का हे बघताना. प्रत्येक घटक वेगळा घेऊन त्याच्यासमोर त्याचं तथ्य ठेवलं असतं तर ही चूक झालीच नसती. घटकांची मोळी बांधून "लागू होत नाही" म्हटलं की ती होतेच.

लावलेल्या वाक्यात तीन गोष्टी असतात: नियमातला एक शब्द, प्रॉब्लेममधलं एक तथ्य, आणि त्या तथ्यामुळे तो शब्द पुरा का होतो किंवा का होत नाही याचं कारण. तिसरी गोष्ट गळाली की उरते ती नुसती उतरवण. रघूपुरतं ते असं लिहिता येईल:

"मजुरांसमोर बहिणीविषयी काढलेले घाण शब्द आणि तोंडावर मारलेली चप्पल यांनी रघूच्या जागी असलेल्या, त्याच थरातल्या सामान्य माणसाचाही तोल गेला असता, म्हणून प्रक्षोभ गंभीर आहे. रघूने गणपतला डिवचले नव्हते, त्यामुळे प्रक्षोभ त्याने ओढवून घेतलेला नाही. परंतु ताबा सुटलेल्या अवस्थेतच घाव घातले, असे म्हणता येत नाही. मध्ये दोन तास गेले, आणि त्या वेळात रघू जेवला, म्हणजे रोजच्या व्यवहाराकडे परतला. धार लावणे हे सावकाश, हेतू मनात धरून करायचे काम आहे. त्यातून रागाचा झटका नव्हे, तयारी दिसते. म्हणून अपवाद १ मिळत नाही."

यात निवाड्याचं नाव अजून आलेलं नाही, तरी निम्म्याहून जास्त गुण इथेच आले. कलमाखालचं स्पष्टीकरण वाचलंत तर याचं कारण त्यातच सापडतं. खून ठरू नये इतका प्रक्षोभ गंभीर व आकस्मिक होता का, हा तथ्याचा प्रश्न आहे, असं ते सांगतं. म्हणजे उत्तर तथ्यांत शोधा, असं खुद्द कलमच म्हणतंय.

आता निवाडा. नानावटी खटला मुंबईचा, त्यामुळे आपल्याकडे तो सगळ्यांना माहीत असतो, आणि म्हणून त्याची गोष्टच जास्त लिहिली जाते. ज्युरीने काय म्हटलं, गावात काय चर्चा झाली, याला या प्रॉब्लेममध्ये शून्य गुण आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये जे म्हटलं त्यातलं तुम्हाला हवं ते एवढंच: प्राणघातक वार त्या प्रक्षोभातून उसळलेल्या रागाचाच परिणाम असला पाहिजे, वेळ जाऊन राग शांत झाल्यावर किंवा बेत आखायला वाव मिळाल्यावर केलेला नसावा. निवाडाही नियमासारखाच तथ्यांना भिडवावा लागतो. नानावटीने पत्नी-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेतली, मग पत्नीचा प्रियकर आहुजा याला गाठलं. दुपारी दीडला घर सोडल्यापासून ४ वाजून २० मिनिटांनी गोळ्या झाडेपर्यंतचा वेळ न्यायालयाने सुमारे तीन तास धरला. रघूचं जेवण आणि धार लावणं यांच्याशेजारी ही वर्तणूक ठेवा, म्हणजे तो निवाडा का दिला हे दिसेल. एवढं न करता पाच खटल्यांची नावं ओळीने लिहिली तरी गुणांत काही पडत नाही.

यातून एक भलताच नियमही तयार होतो: "नानावटीत तीन तास होते, इथे दोनच आहेत, म्हणून अपवाद मिळेल." कलमात तासांचा आकडा कुठेही नाही. दोन तास हे पुरावा म्हणून मोजायचे, मर्यादा म्हणून नाही. त्या वेळात माणसाने काय केलं, हे घड्याळाइतकंच बोलतं.

आपण नियम लावला की नाही, हे तपासायची एक साधी रीत आहे. प्रॉब्लेममधलं एक तथ्य मनात बदला आणि आपलं उत्तर हलतं का बघा. समजा, चप्पल बसताच रघूने हातातला विळाच गणपतच्या मानेवर चालवला. घर नाही, जेवण नाही, धार नाही. आता अपवाद १ मिळण्याची शक्यता दाट आहे. शस्त्र आणलेलं नाही, कामासाठी हातातच होतं. विचार करायला वेळ नव्हता. तरीही रघू सुटत नाही, हे विसरू नका. अपवाद मिळाला की खून उतरून सदोष मनुष्यवध होतो आणि शिक्षा कलम १०३ ऐवजी १०५ खाली जाते. "अपवाद लागू, म्हणून निर्दोष" हे वाक्य फार उत्तरांत असतं आणि ते सरळ चूक आहे. तुमचा परिच्छेद विळ्याच्या प्रसंगालाही जसाच्या तसा चालत असेल, तर तुम्ही अजून नियमच लिहीत आहात.

जागेचा हिशेब: पानभराच्या उत्तरात मुद्दा एका ओळीत, नियम चार-पाच ओळींत, निवाडा तीन ओळींत, निष्कर्ष एका ओळीत. उरलेलं पान तथ्यांचं. कलम शब्दशः उतरवू नका. रघूच्या प्रॉब्लेममध्ये लोकसेवक नाही आणि खाजगी बचावाचा वापरही नाही, तेव्हा अपवादाच्या त्या दोन परंतुकांना एक शब्दही देऊ नका.

कधीकधी प्रॉब्लेम मुद्दाम गप्प असतो. रघू घरी गेला आणि २ वाजता आला, एवढंच दिलेलं असतं. मध्ये काय केलं ते नाही. अशा वेळी तथ्य स्वतः रचू नका, आणि "माहिती अपुरी आहे" म्हणून थांबूही नका. दोन्ही फाटे लिहा: तो रागाने थरथरत शस्त्र शोधत राहिला असेल तर काय, शांतपणे तयारी केली असेल तर काय. मग एक फाटा निवडा. निवडीचा आधार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये आहे. अपवादाची परिस्थिती सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो आणि ती नाही असंच न्यायालय धरून चालतं. भार सरकार पक्षाइतका जड नसतो, संभाव्यतेचं पारडं आपल्याकडे झुकलेलं दाखवलं तरी पुरतं. पण मधल्या दोन तासांबद्दल काहीच समोर नसेल, तर ती शांतता रघूच्या विरुद्ध जाते.