भजनाच्या पेटीत डावा हात भात्यावर का आला

भजनाच्या साथीला आज जी पेटी मांडीपुढे घेतली जाते, ती मूळची पायाने हवा भरायची होती. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी 1842 मध्ये हार्मोनिअमचे पेटंट घेतले. युरोपातल्या लहान चर्चमध्ये ऑर्गनऐवजी वापरल्या जाणाऱ्या या वाद्यावर दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहत, त्यामुळे डाव्या हाताने कॉर्ड आणि उजव्याने चाल, अशी विभागणी सहज होई. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875च्या सुमारास हाताने भाता मारायची पेटी घडवली आणि ती जमिनीवर बसून वाजवता येऊ लागली. पण त्या सोयीपायी डावा हात कायमचा भात्याला बांधला गेला. म्हणून भजनात डाव्या हाताची लय म्हणतात ती भात्याची, आणि कॉर्ड द्यायची तर ती उजव्याच हाताने, चालीतून वेळ काढून.

आठ मात्रांच्या ठेक्यात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर भाता सावकाश दाबला, तर आतला, स्प्रिंगवरचा भाता मधली हवा सांभाळतो. प्रत्येक मात्रेला झटका दिला की सूर फुगतो आणि ओसरतो. टाळकऱ्यांना ते आधी कळते, वादकाला नंतर.

तंबोऱ्याच्या जागी आधारसुराच्या खुंट्या आल्या, आणि खरी अडचण इथे आहे. बहुतेक पेट्यांत या खुंट्या काळ्या पाच स्वरांच्याच असतात. गायक काळी एकमध्ये गात असेल तर षड्ज काळी एक आणि पंचम काळी चार, असे दोन्ही मिळतात. पांढरी एकमध्ये गाणाऱ्याला मात्र एकही उपयोगी पडत नाही.

समजा काळी एकमधले, शुद्ध स्वरांचे भजन आहे. दोन्ही खुंट्या उघड्या ठेवून सा-ग-प दिला तर सगळे जुळते. मग चाल मध्यमावर येते आणि वादक म-ध-सा देतो, तर खुंटीचा पंचम मध्यम आणि धैवत यांच्या मध्ये घुसतो आणि सूर खरखरतो. तेथे पंचमाची खुंटी आधीच मिटलेली बरी. प-नि-रे देताना निषाद आणि षड्ज अर्ध्या स्वराच्या अंतरावर भिडतात. निषाद गाळून प-रे एवढेच द्यावे. शिवाय पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, म्हणून लांबलेल्या सुरावर माझा कौल सा-प यांनाच आहे.

याच बांधीव सुरांवर आणि मींड न निघण्यावर बोट ठेवून आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला मज्जाव केला; तो 1971 मध्ये सैल झाला. गंमत अशी की भजनाच्या बैठकीत पेटी तेव्हाही वाजतच होती. तिथे तिच्याकडून मींडेची अपेक्षा नव्हती, गर्दीच्या आवाजाला आधार एवढीच होती. एका वेळी तीन पट्ट्या आणि दोन खुंट्या उघडल्या की भात्यातली हवा भराभर सरते आणि ध्रुपदाच्या शेवटच्या सुराला पेटी दमते. तेव्हा कॉर्ड ध्रुपद संपताना, टाळांच्या गजरात द्यावी, आणि अभंगाच्या चरणाला फक्त षड्जाची खुंटी राहू द्यावी.