साच्यातला मजकूर माणसाचा कसा होतो: एका गौरवपत्राचे उदाहरण

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे संपादनासाठी येणाऱ्या गौरवपत्रांमध्ये, निरोपाच्या पत्रांमध्ये आणि शिफारसपत्रांमध्ये बहुतेक वेळा व्याकरणाची चूक नसते. तरीही ते पत्र ज्याच्यासाठी लिहिले आहे त्याला ते आपले वाटत नाही, कारण नाव बदलले की तेच पत्र दुसऱ्या कोणालाही देता येते. अशा पत्रावर आम्ही नेमके काय काम करतो आणि त्यासाठी आपल्याकडून काय लागते, हे एका उदाहरणावरून येथे सांगत आहोत. ओळख पटू नये म्हणून उदाहरणातील तपशील बदलले आहेत.

एका कारखान्यातील स्टोअरकीपरच्या निवृत्तीनिमित्त द्यावयाच्या पत्राचा मसुदा असा आला होता:

"आपण गेली 22 वर्षे या संस्थेची निष्ठेने सेवा केली. आपण सर्वांशी मनमिळाऊपणे वागलात. आपण प्रत्येक काम जबाबदारीने पार पाडले. आपण नव्या सहकाऱ्यांना मोलाचे मार्गदर्शन केले. आपल्या पुढील आयुष्यास हार्दिक शुभेच्छा."

यात 22 हा आकडा सोडला तर या गृहस्थांविषयी काहीही नाही. मसुदा आला की आम्ही दोन गोष्टी करून पाहतो. पहिली म्हणजे नावाच्या जागी त्याच संस्थेतील दुसऱ्या माणसाचे नाव घालून पत्र मोठ्याने वाचणे. कोठेही अडखळायला झाले नाही, तर मजकूर साच्यातला आहे असे समजावे. दुसरी म्हणजे प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द एका रांगेत लिहून काढणे. येथे ती रांग "आपण, आपण, आपण, आपण, आपल्या" अशी झाली.

तपशील मिळवण्यासाठी आम्ही सहकाऱ्यांशी बोलतो, पण "ते कसे होते?" असे कधी विचारत नाही, कारण त्या प्रश्नाला पुन्हा "मनमिळाऊ" हेच उत्तर येते. त्याऐवजी "ते रजेवर असले की काय अडत असे?" असे विचारतो. या प्रश्नावर लोक थोडा वेळ थांबतात आणि मग एखादी वस्तू, एखादी जागा किंवा एखादी सवय सांगतात. या वेळी एका फिटरने सांगितले की ते नसले तरी फारसे अडत नसे, कारण प्रत्येक खणावर त्यांच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी होती: हा भाग कोणत्या यंत्राचा, आणि तो शिल्लक नसेल तर त्याच्या जागी कोणता चालेल. "जबाबदारीने" या शब्दाने जे सांगायचे होते, ते या चिठ्ठीत होते.

येथे एक फरक लक्षात घ्यावा, कारण बहुतेक ग्राहकांची गल्लत येथेच होते. रुजू झाल्याची तारीख, पदनाम आणि बढत्यांचा क्रम हे तपशील नेमके असतात, पण ते फाइलमधून आलेले असतात. पत्रात ते असावेत. मात्र तेवढ्याने पत्र जिव्हाळ्याचे होत नाही. जवळचा तपशील तो, जो शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असतो.

असा तपशील खराही असावा लागतो. याच पत्रासाठी एका सहकाऱ्याने "त्यांनी 22 वर्षांत एकही रजा घेतली नाही" असे मोठ्या प्रेमाने सांगितले, पण हजेरीपटात रजा नोंदलेल्या होत्या. ते वाक्य आम्ही वगळले. पत्र ज्याच्या हातात पडणार, त्याला स्वतःच्या रजा आठवत असतात, आणि एक वाक्य खोटे ठरले की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचा विश्वासही जातो.

आता वाक्यांच्या सुरुवातीविषयी. मराठीत अनेकदा क्रियापदावरून किंवा संदर्भावरून कर्ता कळतो. "वागलात" म्हटले की "आपण" वेगळे सांगावे लागत नाही, त्यामुळे निम्मे "आपण" काढून टाकले तरी अर्थ तसाच राहतो. शिवाय शब्दांचा क्रम बराच मोकळा असल्याने वाक्य वेळेपासून, जागेपासून, वस्तूपासून किंवा "जेव्हा", "ज्या" अशा शब्दांपासून सुरू करता येते. पण केवळ वेगळेपणासाठी सुरुवात बदलू नये. आमच्याच पहिल्या प्रयत्नात "लावल्या आपण चिठ्ठ्या खणाखणांवर" असे वाक्य झाले होते. ते नाटकातल्यासारखे वाटले म्हणून खोडले. आमची रीत अशी आहे की आधीच्या वाक्यातून वाचकाच्या डोळ्यांसमोर जे आलेले आहे, त्यापासून पुढचे वाक्य सुरू करावे, आणि ज्यावर भर द्यायचा तो शब्द क्रियापदाच्या लगेच आधी ठेवावा. "आपण या चिठ्ठ्या लिहिल्या" यात चिठ्ठ्यांवर भर येतो, तर "या चिठ्ठ्या आपण लिहिल्या" यात लिहिणाऱ्यावर. गौरवपत्राला दुसरी रचना हवी.

शेवटी गेलेला मजकूर असा होता:

"स्टोअरच्या खिडकीतून सुटा भाग दिला की नियमाने काम संपत असे, पण यंत्र सुरू झाल्याचे फिटर येऊन सांगेपर्यंत आपण कधी कुलूप लावले नाही. खणाखणावर आज ज्या चिठ्ठ्या आहेत, त्या आपण लिहिल्या. कोणता भाग कोणत्या यंत्राचा आणि तो नसेल तर कोणता चालेल, हे रात्रपाळीच्या माणसाला त्यांवरून कळते. नव्याने आलेल्याला पहिले आठ दिवस आपण नोंदवही देत नसत. परत आलेला माल जागेवर ठेवायला तेवढा सांगत असत. सध्या स्टोअरमध्ये असलेले तिघेही असेच शिकले. 22 वर्षांच्या या सोबतीबद्दल आम्ही सर्वजण आपले आभारी आहोत."

"निष्ठा", "मनमिळाऊ" आणि "मोलाचे मार्गदर्शन" हे तिन्ही शब्द गेले, तरी त्यांचा अर्थ राहिला, किंबहुना वाढला. तपशील तीनच आहेत, हेही पाहावे. सहकाऱ्यांनी अकरा गोष्टी सांगितल्या होत्या आणि सर्व घेतल्या असत्या तर पत्राची यादी झाली असती. सर्वांसमोर वाचले जाणारे पत्र असल्यामुळे घरातील आजारपणाची एक हृद्य आठवणही आम्ही बाहेर ठेवली; ती सांगायची की नाही, हे त्या गृहस्थांनी ठरवायचे.

प्रत्येक मजकुरावर असे काम करू नये. हमीपत्र, वापराच्या सूचना, परताव्याच्या अटी यांत तीच रचना पुन्हा येणे वाचकाच्या सोयीचे असते आणि तेथे शब्द बदलला की अर्थाविषयी शंका उत्पन्न होते. एकाच वेळी शेकडो जणांना पत्रे जाणार असतील, तर सर्वांचा मजकूर समान ठेवून प्रत्येकासाठी एकच खरे वाक्य लिहावे, असा सल्ला आम्ही देतो. ते वाक्य पहिल्या परिच्छेदात असावे. शेवटी टाकलेले वाक्य चिकटवल्यासारखे दिसते.

मसुद्यासोबत आपण आम्हाला त्या व्यक्तीबरोबर रोज काम केलेल्या दोन जणांशी प्रत्येकी पंधरा मिनिटे बोलण्याची सोय करून द्यावी. त्यांपैकी एक जण हाताखाली काम केलेला असावा, कारण वरिष्ठांना कामाचा परिणाम दिसतो आणि हाताखालच्यांना ते कसे केले गेले हे दिसते. तयार मजकूर आम्ही प्रथम याच दोघांना वाचून दाखवतो आणि त्यांनी "हे असेच होते" म्हटल्यावरच आपल्याकडे पाठवतो.