एकाच आयपीचे दोन धनी
सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत पेढ्यांवर पहिली लॅन आली ती टॅलीसाठी. तीन-चार कॉम्प्युटर, एक स्विच, आणि प्रत्येक मशीनवर हाताने भरलेला आयपी. नंबर वहीत लिहिलेले असत, त्यामुळे एकच नंबर दोन यंत्रांवर जाऊन टक्कर क्वचितच व्हायची. डीएचसीपी, म्हणजे आयपी आपोआप वाटण्याची पद्धत, १९९३ पासून होतं, पण पेढीत ते शिरलं ब्रॉडबँडच्या राउटरबरोबर. जुने हाताने भरलेले नंबर मात्र तसेच राहिले. प्रिंटर मधूनच छापत नाही, अशा आजच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे आहे.

‘स्टॅटिक आयपी’ या शब्दाने घोळ वाढवला. इंटरनेट कंपनी जादा पैसे घेऊन देते तोही स्टॅटिक, पण तो बाहेरचा पत्ता. आतल्या टकरीशी त्याचा संबंध नाही. प्रिंटरच्या मेनूत भरतो तो दुसरा स्टॅटिक, आणि याचा राउटरला थांगपत्ताच नसतो. तिसरा म्हणजे राउटरवर मॅक पत्त्याशी, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या ओळखनंबराशी, बांधलेलं रिझर्व्हेशन. आतल्या पत्त्यांत राउटरला ठाऊक असणारा हा एकटाच, म्हणून तो सुरक्षित. ‘प्रिंटरला स्टॅटिक दिलाय’ हे वाक्य ऐकलं की कुठला, हे आधी विचारावं.

उदाहरण घ्या. प्रिंटरवर 192.168.1.105 भरलाय आणि राउटरचा पूल, म्हणजे तो वाटतो ते शेवटचे नंबर, 100 ते 199 आहे. रात्री प्रिंटर बंद. सकाळी हमालाचा मोबाइल वायफायवर येतो, 105 मोकळा दिसतो, राउटर तो देऊन टाकतो. मग प्रिंटर चालू होतो. ज्या कॉम्प्युटरच्या एआरपी नोंदीत, म्हणजे कुठला आयपी कुठल्या मॅकचा या यादीत, मोबाइलचा मॅक बसला, त्याची पट्टी छापली जात नाही. शेजारच्याची छापली जाते. थोड्या वेळाने नोंद बदलते आणि सगळं आपोआप ‘ठीक’ होतं. म्हणूनच केबल बदलण्यात दिवस जातात.

पत्ता देण्याआधी तो वापरात आहे का हे तपासावं, असं १९९७ च्या आरएफसी 2131 या डीएचसीपीच्या नियमपत्रात आहे. पण ‘तपासावं’, ‘तपासलंच पाहिजे’ नव्हे. ही सवलत चूक होती असं आमचं मत. शिवाय तपासलं तरी बंद प्रिंटर उत्तर देणार कसा?

खात्रीसाठी प्रिंटर बंद करून अॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर:

```
arp -d 192.168.1.105
ping 192.168.1.105
arp -a
```

पिंगला उत्तर आलं नाही तरी शेवटची यादी बघा, कारण काही यंत्रं पिंगला उत्तर देत नाहीत. 105 समोर मॅक दिसला तर दुसरा धनी सापडला. तो मॅक राउटरच्या क्लायंट यादीत शोधा.

उपाय दोनच: प्रिंटर, डीव्हीआर आणि हजेरी मशीन पूलबाहेर, म्हणजे 20 ते 40 मध्ये न्यायची, किंवा प्रिंटर ‘ऑटो’वर ठेवून राउटरवर रिझर्व्हेशन करायचं. पत्ता बदलला तर प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटरचा पोर्टही बदलावा लागतो, आणि नेमकं तेच विसरलं जातं.