आभाळातला ठिपका: सेन्सरवरची धूळ की लेन्सवरचा डाग?

मागच्या नोव्हेंबरात तारकर्लीला मामेबहिणीचे फोटो काढले, सकाळी अकराच्या उन्हात, मागे अख्खं निळं आभाळ आणि हातात फ्लॅश. घरी येऊन लॅपटॉपवर उघडले तर आभाळात वर डावीकडे तीन काळपट ठिपके, आणि तिच्या डोक्याच्या उजवीकडे केसांना चिकटून एक मोठा फिकट धब्बा. पहिला विचार आला की सगळी सेन्सरची धूळच. नव्हती. ठिपके सेन्सरवरचे होते आणि धब्बा लेन्सवर वाळलेल्या खाऱ्या पाण्याचा, आणि दोन्ही एकाच टूलने पुसायला गेलो तर धब्ब्याच्या जागी आभाळात चक्क ठिगळ दिसायला लागलं. म्हणून हे लिहितोय.

आधी, हे त्याच दिवशी का दिसलं? एरवी मी पोर्ट्रेट f/2 च्या आसपास काढतो, तेव्हा असलं काही कधी दिसलं नव्हतं. पण भर उन्हात फ्लॅश लावला की शटर साधारण 1/200 च्या वर नेता येत नाही (हायस्पीड सिंक सोडून द्या, त्यात फ्लॅशचा जोर निम्म्याहून कमी होतो), ISO 100 च्या खाली जायचं नाही, मग आभाळ निळं राखायचं तर अ‍ॅपर्चर f/11 लाच येऊन थांबतं. आणि f/11 म्हणजे लपलेली घाण चव्हाट्यावर.

सेन्सरवरची धूळ खरंतर सेन्सरवर नसतेच, त्याच्या समोर जी फिल्टरची काच असते तिच्यावर बसते, आणि सेन्सरवर पडते ती तिची सावली. काच आणि सेन्सरमधलं अंतर दीड मिलिमीटर धरू. मोठ्या अ‍ॅपर्चरला उजेड सगळ्या बाजूंनी तिरका येतो त्यामुळे सावली पसरते, लहान अ‍ॅपर्चरला उजेड जवळजवळ सरळ येतो म्हणून सावली घट्ट पडते. हिशोब सोपा आहे, अंतराला f च्या आकड्याने भागा. f/2 ला 1.5 भागिले 2 म्हणजे पाऊण मिलिमीटर पसरट, f/11 ला जेमतेम 0.14 मिलिमीटर. तोच कण, पण f/2 ला त्याची सावली जवळपास तीसपट जागेत पातळ झाली, डोळ्याला कळणारच नाही. घरातल्या ट्यूबलाइटखाली हात धरून बघा, टेबलाच्या जवळ नेला की सावली काळी, वर उचलला की धूसर. तसंच हे.

आता लेन्सचा डाग. इथे गंमत अशी की तोही f/11 लाच जास्त दिसतो, आणि बरेच जण इथेच फसतात, मी पण फसलो. "अ‍ॅपर्चर लहान केल्यावर दिसतं म्हणजे सेन्सर" हे अर्धंच खरं. 35 मिमी वर f/2 ला लेन्स साधारण साडेसतरा मिमी रुंद भोकातून बघते, त्यात पुढच्या काचेवर दोन मिमीचा मिठाचा थेंब असला तर तो सव्वा टक्का उजेड अडवतो, काहीच नाही. f/11 ला ते भोक होतं सव्वातीन मिमी, मग तोच थेंब आभाळाच्या त्या कोपऱ्याकडून येणाऱ्या उजेडाचा चाळीसेक टक्के भाग झाकतो. दिसणारच ना. फक्त तो फोकसमध्ये कधीच येत नाही, म्हणून कडा मऊ, पसरट, कापूस पिंजून ठेवल्यासारखा.

मग ओळखायचं कसं? मी झूम फिरवून बघतो. तारकर्लीला माझ्याकडे 24-70 होती. 35 ला काढलेल्या फ्रेममध्ये तीन ठिपके आणि धब्बा दोन्ही, 70 ला काढलेल्या फ्रेममध्ये, f/11 च ठेवलेलं, ठिपके त्याच्या त्याच जागी तसेच आणि धब्बा जवळपास गायब. कारण 70 ला f/11 चं भोक सव्वासहा मिमीच्या वर जातं, थेंब आता दहा टक्क्यांच्या आसपासच झाकतो. सेन्सरच्या कणाला मात्र झूमशी काही देणंघेणं नाही, तो काचेवर जिथे बसलाय तिथेच बसलाय. झूम नसेल तर लेन्स बदला, ठिपका राहिला तर बॉडीतला, गेला तर लेन्सचा. (मागच्या काचेवरचा डागही लेन्सबरोबर जातो, पण तो सेन्सरच्या जवळ असल्याने थोडा जास्त ठळक दिसतो आणि त्यावरून फसायला होतं.)

अजून एक खूण रंगाची. सेन्सरचा ठिपका काळपटच असतो, कारण ती सावली आहे. लेन्सचा डाग दोन्ही करतो: हूडच्या सावलीत असेल तर किंचित गडद, आणि काचेवर थेट ऊन पडलं की मिठाचे कण चमकतात आणि तोच डाग पांढुरका, दुधाळ होतो. माझ्या काही फ्रेममध्ये गडद होता, बहीण वळली आणि मी तिच्याभोवती फिरलो की पांढरा. एकच डाग असा रंग बदलत असेल तर सेन्सरकडे बघूच नका. आणि हो, एक ठिपका एकाच फ्रेममध्ये असेल, पुढच्या फ्रेममध्ये नसेल, तर झूम करून बघा, तारकर्लीला मला एकदा घार सापडली होती.

मोबाइलवाल्यांचं सोपं आहे. तिथे सेन्सर बंद डब्यात असतो, त्यामुळे आभाळातला धब्बा म्हणजे दहापैकी नऊ वेळा बोटाचा तेलकट ठसा, पुसा आणि परत काढा. पुसूनही ठिपका हलत नसेल तर धूळ आत गेलीय, ती घरी निघत नाही.

आता पुसणं. सेन्सरच्या ठिपक्यांसाठी लाइटरूममध्ये Q दाबून हील घ्यायचं, खाली `Visualize Spots` वर टिक करायची, फोटो काळापांढरा होतो आणि ठिपके चांदण्यांसारखे उठून दिसतात, नुसत्या डोळ्याला तीन दिसत होते तिथे मला अकरा सापडले. ब्रश ठिपक्यापेक्षा जरासाच मोठा ठेवा. आणि सोर्स कुठून घेतलाय ते बघा. आभाळ वरून गडद निळं आणि खाली क्षितिजाकडे फिकट होत जातं, त्यामुळे वरचा किंवा खालचा तुकडा आणून चिकटवला तर गोल चकती दिसते, बाजूचा, त्याच उंचीवरचा घेतला तर बहुतेक वेळा जुळतो. आपोआप निवडलेला सोर्स मी जवळपास प्रत्येक वेळी आडवा सरकवतो. ठिपका केसांच्या कडेला असेल तर हील केसांचा काळेपणा ओढून आभाळात फासतं, तिथे क्लोन घ्या, फेदर कमी, सोर्स स्वच्छ आभाळाचा.

ठिपके सगळ्या फ्रेममध्ये एकाच जागी असतात म्हणून एक फोटो साफ करून बाकीच्यांवर सिंक मारायचा मोह होतो, आणि मी मारला, साठ फ्रेमवर. वेळ वाचला खरा, पण एका फ्रेममध्ये मी जवळ गेलो होतो आणि आभाळातल्या ठिपक्याच्या जागी आता तिचं कपाळ होतं. हीलने टिकली अर्धी खाल्ली. तिनेच दाखवलं, "दादा, माझी टिकली चंद्रासारखी का झालीय?" तेव्हापासून सिंक फक्त जिथे चेहरा त्या जागेपासून लांब आहे त्याच फ्रेमवर मारतो, उभ्या आणि आडव्या फ्रेम वेगळ्या निवडतो, आणि नंतर एकेक फोटो बघतोच.

लेन्सच्या धब्ब्याला हील लावूच नका. तो मोठा आहे, कडा नाहीत, त्यामुळे हील कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि माझ्यासारखा केसांवर आलेला असेल तर केसांची बटच उडवतं. शिवाय त्याच्याखालचं चित्र गेलेलं नसतं, फक्त थोडं दबलेलं किंवा धुरकटलेलं असतं, म्हणजे काही बदलायची गरज नाही, उचलायचंय फक्त. गडद धब्ब्यावर मी फेदर पूर्ण ठेवून मऊ ब्रश फिरवला, एक्सपोजर +0.2, बघत बघत +0.25 केलं, झालं. दुधाळ फ्रेममध्ये डीहेझ +15 आणि ब्लॅक थोडे खाली, म्हणजे करडे पडलेले केस परत काळे दिसतात. डीहेझने त्या भागातलं निळं जरा जास्तच गडद होतं, तिथे सॅच्युरेशन थोडं उतरवा. हे सगळं रॉ फाइलवर, जेपेगवर आभाळात पट्टे उठतात. सिंक इथे चालत नाही, कारण झूम हलला की धब्बा हलतो, प्रत्येक फ्रेमला हाताने करावं लागतं. कंटाळवाणं आहे.

आता मूळ घाण. लेन्सवरचं मीठ कोरडं कधी घासू नका, टीशर्टने तर नाहीच, मिठाचे कण कोटिंग ओरबाडतात. आधी ब्लोअर, मग लेन्सचं लिक्विड कापडावर घेऊन ओलं करून हलक्या हाताने. सेन्सरसाठी आधी कुठे आहे ते शोधा: f/16, ISO 100, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा सेकंदभराचा फोटो, कॅमेरा हलवत, म्हणजे भिंतीचे डाग पुसट होतात आणि धूळ तेवढी राहते. प्रतिमा सेन्सरवर उलटी पडते, त्यामुळे फोटोत वर डावीकडे असलेला ठिपका कॅमेऱ्यात समोरून बघताना खाली डावीकडे शोधा. आभाळ सेन्सरच्या खालच्या भागात येतं आणि कणही पडून खालीच जमतात, म्हणून आभाळातच इतके दिसतात.

बॅटरी पूर्ण चार्ज, आरशाचा कॅमेरा असेल तर मेन्यूतून क्लीनिंग मोड, तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने पाच-सहा फुंका. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते आणि ती धुळीपेक्षा वाईट चिकटते. प्रेशरचा कॅनही नको, त्यातला गॅस काचेवर थर सोडतो. फुंकून न गेलेल्याला ओला स्वॅब, सेन्सरच्या उंचीएवढ्या मापाचा, फुलफ्रेमला 24 मिमी, दोन थेंब, एका बाजूने एकदाच ओढायचा आणि उलट करून परत एकदा, मग तो स्वॅब फेकायचा. जास्त लिक्विड झालं तर कडेला वाळलेले ओघळ राहतात आणि ते f/16 ला ठिपक्यांपेक्षा भयानक दिसतात.

माझे अकरापैकी आठ नुसत्या ब्लोअरने गेले, दोन स्वॅबने. अकरावा टेस्ट फोटोत दोनशे पिक्सेल उजवीकडे सरकलेला दिसला, म्हणजे सुटला तरी होता, परत ब्लोअर मारल्यावर गेला.