दोन मिनिटांत परत आलेली वीज गेली असं धरायचं का?

एका फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एका वीजवाहिनीवर, २,००० ग्राहक आहेत असं समजा. वाटेतल्या तीन स्विचांमुळे तिचे चार टप्पे पडलेत, प्रत्येकात ५०० ग्राहक. अगदी शेवटी शेजारच्या फीडरशी जोडणारा आणखी एक स्विच आहे, पण तो एरवी उघडा, म्हणजे जोड तोडलेल्या स्थितीत असतो. एका संध्याकाळी तिसऱ्या टप्प्यात झाडाची फांदी पडते आणि तार तुटते.

उपकेंद्रातला ब्रेकर ट्रिप होतो आणि चारही टप्प्यांतली वीज जाते. बिघाड नेमका कुठे आहे, हे ब्रेकरकडे बघून कळत नाही. लाइनमन गाडी काढतात, अंधारात लाइन बघत बघत पुढे जातात. बिघाड सापडल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंचे स्विच हाताने उघडतात. ६० मिनिटांनी पहिले दोन टप्पे सुरू होतात, ८० मिनिटांनी शेजारच्या फीडरवरून चौथा, आणि तार जोडून झाल्यावर, १५० मिनिटांनी, तिसरा.

याचा हिशेब ग्राहक-मिनिटांत करतात. १,००० ग्राहकांची ६० मिनिटं, ५०० जणांची ८० आणि उरलेल्या ५०० जणांची १५०. एकूण १,७५,००० ग्राहक-मिनिटं. याला २,०००ने भागलं की येतात ८७.५ मिनिटं. हा सैडी निर्देशांक: सरासरी ग्राहकाकडे वीज किती वेळ नव्हती. सैफी सांगतो ती सरासरी किती वेळा गेली. इथे सगळ्यांची एकदा गेली, म्हणून १. प्रत्यक्षात वर्षभरातल्या सगळ्या बिघाडांची अशी बेरीज करून वीज कंपनीच्या एकूण ग्राहकसंख्येने भागतात.

आता हाच बिघाड स्वयंचलित फीडरवर झाला तर? प्रत्येक स्विचला मोटर, मोठा प्रवाह ओळखणारा दर्शक आणि संदेश पाठवणारं यंत्र जोडलेलं असतं. बिघाडाचा प्रचंड प्रवाह उपकेंद्राकडून बिघाडापर्यंतच वाहतो, त्याच्या पुढे नाही. त्यामुळे पहिल्या दोन स्विचांनी तो पाहिला आणि तिसऱ्याने पाहिला नाही, एवढ्यावरून बिघाड दुसऱ्या आणि तिसऱ्या स्विचच्या मधे आहे हे ठरतं. यंत्रणा ते दोन्ही उघडते, उपकेंद्राचा ब्रेकर पुन्हा लावते आणि टोकाचा जोडस्विच लावून चौथ्या टप्प्याला शेजारून वीज देते. दोन मिनिटांत १,५०० ग्राहकांकडे वीज परत येते. लाइनमनही थेट तिसऱ्या टप्प्यात पोचतात, म्हणून तिथलं काम १२० मिनिटांत आटपतं.

नवा सैडी ३० मिनिटं, सैफी ०.२५. तार जोडायला लागणारा वेळ तेवढाच आहे. वाचला तो शोधाशोधीचा वेळ, आणि ज्यांच्या टप्प्यात काही बिघडलंच नव्हतं त्यांचा खोळंबा.

पण त्या १,५०० जणांची वीज दोन मिनिटं गेली होती, ती हिशेबात का नाही? आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संघटनेच्या १३६६ क्रमांकाच्या मानकानुसार पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेला खंडच सैडी-सैफीत धरतात. त्याहून छोटे खंड मैफी या वेगळ्या निर्देशांकात जातात. काही देशांत ही सीमा तीन मिनिटांची आहे, त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना आधी ती बघावी. संदेश अडकला आणि याच कामाला सहा मिनिटं लागली, तर सैडी ३४.५ होतो, म्हणजे थोडाच वाढतो, पण सैफी सरळ १वर परत जातो. माझ्या मते म्हणूनच सैफी एकदम घसरला की मैफीही मागून घ्यावा. चालू यंत्र अर्ध्यावर बंद पाडायला दोन मिनिटंही पुरेशी असतात.

आणखी एक आकडा फसवतो. सैडीला सैफीने भागलं की कैडी मिळतो, म्हणजे ज्याची वीज गेली त्याला सरासरी किती वेळ थांबावं लागलं. आधी तो ८७.५ मिनिटं होता, आता १२० झाला! सेवा सुधारली, तरी हा आकडा बिघडला. कारण लवकर सुटणारे ग्राहक गणतीतूनच बाहेर पडले आणि फक्त दुरुस्तीची वाट बघणारे उरले. कैडी एकटा बघून स्वयंचलनाला नापास करणं अन्यायाचं आहे.

या यंत्रणेची खरी परीक्षा मात्र जोडस्विचपाशी होते. शेजारचा फीडर संध्याकाळी आधीच भरलेला असेल, तर चौथ्या टप्प्याचा भार घेताना तोही ट्रिप होऊ शकतो आणि एका बिघाडाने दोन फीडर जातात. म्हणून स्विच लावण्याआधी यंत्रणा तिकडची शिल्लक क्षमता तपासते, आणि ती नसेल तर चौथ्या टप्प्याला थांबावंच लागतं. दुसरी अडचण साधी आहे: लाइन बंद असताना स्विचची मोटर आणि संदेशयंत्र पेटीतल्या बॅटरीवर चालतात. बॅटरी उतरलेली असेल तर तो स्विच ऐन गरजेला हलत नाही, आणि लाइनमनला पुन्हा गाडी काढून तिथे जावं लागतं.