सुमेरमधील आद्य नगरे व सिंचन

टायग्रिस व युफ्रेटिस नद्यांच्या दक्षिण इराकमधील गाळमैदानात इ. स. पू. चौथ्या सहस्रकात उदयास आलेली नगरे व त्यांची पाटपाण्याची व्यवस्था. उरुक हे त्यांतील सर्वांत मोठे, इ. स. पू. सु. ३१०० मध्ये त्याचा विस्तार सु. २५० हेक्टर असावा.

या भागात वर्षाला २०० मिमी.हूनही कमी पाऊस पडतो, म्हणून कोरडवाहू शेती भरवशाची नाही. सातूची पेरणी शरद ऋतूत होई तेव्हा नद्यांना पाणी कमी असे आणि पूर येई तो एप्रिल-मेमध्ये, कापणीच्या सुमारास. त्यामुळे पेरणीला पाणी पुरवणे व तयार पीक पुरापासून राखणे, अशी दोन्ही कामे शेतकऱ्यावर पडत. गाळ साचून नदीचे काठ आसपासच्या जमिनीहून उंच झाले होते. काठ फोडला की पाणी आपोआप शेतात उतरे. चांगल्या वर्षी धान्याचा मोठा वाढावा उरे आणि त्यातील बराच भाग मंदिरांच्या कोठारांत जाई. उरुकच्या एआना मंदिर परिसरात सापडलेल्या मृत्तिकापट्टिकांवर प्रामुख्याने धान्य, गुरे व शिधा यांचे हिशेब आहेत.

मोठ्या कालव्यांच्या व्यवस्थापनातूनच निरंकुश राजसत्ता जन्मली, असे कार्ल विटफोगेल यांनी १९५७ मध्ये मांडले. रॉबर्ट मॅकॉर्मिक ॲडम्स यांच्या क्षेत्रीय पाहणीत मात्र सुरुवातीचे पाट आखूड व स्थानिक आढळले. असे पाट गावकरी किंवा भाऊबंद मिळून सांभाळू शकत. मोठे कालवे बहुतांशी राजसत्ता स्थिरावल्यानंतरचे दिसतात, म्हणून ॲडम्स यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. सत्तेचा पाया कालवे खोदण्यापेक्षा वाढाव्यावरील व पाणी मिळणाऱ्या जमिनीवरील ताब्यात असावा. सगळी जमीन मंदिराचीच होती, हे आंतोन डायमेल यांचे मतही आता सहसा स्वीकारले जात नाही.

लगश व उम्मा या शेजारी नगरांच्या वादात सत्ता, जमीन व पाणी यांचे संबंध स्पष्ट दिसतात. किशचा राजा मेसालिम याने त्यांची सीमा आखून दिली होती. पुढे लगशच्या एअन्नातुमने उम्माचा पराभव करून सीमेवर कालवा काढला. सीमेलगतची काही जमीन उम्माला कसायला मिळाली. मोबदल्यात सातू द्यायची होती. ती थकली आणि उम्माने सीमाकालव्याचे पाणी वळवले. पाणी वळवणाऱ्या उम्माच्या शासकांपैकी इल हा मुळात झबलम येथील मंदिराचा कारभारी होता आणि तेथून तो उम्माच्या गादीवर आला. लगशचा एन्मेतेना (इ. स. पू. सु. २४००) याने आपल्या लेखात हा तंटा लगशचा निंगिर्सू व उम्माचा शारा या दोन देवांमधील सीमावाद म्हणून मांडला आहे. लेख लगशचा असल्याने उम्माची बाजू त्यात येत नाही.

पुढे सत्ताधीश व मंदिर यांच्या मालमत्तेतील सीमा पुसट झाली. लगशचा उरुकागिना (इ. स. पू. सु. २३५०) याच्या सुधारणालेखात आधीच्या राजवटीविषयी तक्रार आहे, की देवांचे बैल शासकाचे कांद्याचे वाफे नांगरत.