पिल्लू गाढ झोपलंय की विझत चाललंय?

"चौघांत हेच शहाणं गो. बाकीची दिवसभर चिरकतात, याचा आवाजसुद्धा नाही." डिचोलीच्या आमच्या शेजारच्या काकी हे मोठ्या कौतुकाने सांगत होत्या. आषाढातला पाऊस तीन दिवस उघडला नव्हता. त्यांच्या मांजरीने मागच्या लाकडांच्या खोपीत, गोणपाटावर चार पिल्लं घातली होती. मी वाकून पाहिलं. तीन पिल्लं आईच्या पोटाशी एकमेकांवर चढून पडलेली आणि चौथं, ते शहाणं, वीतभर लांब एकटं. मला त्याचा शहाणपणा आवडला नाही.

नवजात पिल्लू झोपलेलं असो की मरणाच्या वाटेवर असो, बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. डोळे मिटलेले, आवाज नाही, हालचाल नाही. सकाळी 'झोपलंय' म्हणून सोडलेलं पिल्लू संध्याकाळी गार सापडतं आणि मग घरात सगळे म्हणतात, अचानक गेलं. याला पशुवैद्य फेडिंग किटन सिंड्रोम म्हणतात. हा एखादा आजार नाही. मुळाशी कारण काहीही असो, शेवटी पिल्लाचं अंग गार पडतं, रक्तातली साखर उतरते, पाणी कमी होतं, आणि यातलं एक दुसऱ्याला ओढत खाली नेतं. त्या घसरणीला दिलेलं हे नाव आहे. पहिला आठवडा यात सगळ्यांत धोक्याचा.

म्हणून आधी खरी झोप कशी असते ते पाहू. पहिल्या आठवड्यात पिल्लू दिवसाचा बहुतेक वेळ झोपूनच असतं, पण ती झोप निवांत नसते. पाय झटकतात, कान फडफडतो, ओठ दूध ओढल्यासारखे हलतात, मध्येच सगळं अंग दचकतं. नवख्या माणसाला वाटतं याला झटके येतायत. उलट आहे. ही थरथर निरोगी झोपेची खूण आहे, तिच्यातूनच कोवळे स्नायू तयार होतात. झोपलेलं पिल्लू भावंडांच्या ढिगात असतं, पोट गोल आणि उबदार असतं. उचललं की ते वळवळतं, कुरकुरतं, डोकं इकडेतिकडे फिरवून स्तन शोधू लागतं. उताणं ठेवलं तर धडपडत पालथं होतं.

विझणारं पिल्लू झोपेत दचकत नाही. ते ढिगापासून दूर पडलेलं असतं, आणि हातात घेतलं की ओल्या फडक्यासारखं लोंबतं. करंगळी तोंडात घातली तर जीभ गार लागते आणि बोट चोखलं जात नाही. हिरड्या गुलाबीऐवजी फिक्या किंवा राखाडी दिसतात. त्वचेची चिमूट काढून पाणी कमी झालंय का हे मोठ्या मांजरात कळतं, इतक्या लहान पिल्लात त्यावर विसंबता येत नाही. त्यापेक्षा कोमट ओल्या कापसाने त्याच्या शेपटीखाली हलकेच पुसावं. लघवी जवळजवळ पाण्यासारखी आली तर ठीक, गर्द पिवळी आली तर पाणी कमी पडतंय.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हे पिल्लू आधी रडलेलं असतं. पोट भरलेलं, ऊब मिळालेलं पिल्लू पंधरा-वीस मिनिटं सलग रडत नाही. रडणं ही पहिली पायरी, गप्प होणं ही दुसरी, आणि घरच्यांना हायसं वाटतं ते नेमकं दुसऱ्या पायरीवर. मी विचारल्यावर काकींना आठवलं, आदल्या रात्री एक पिल्लू खूप वेळ चिरकत होतं. "मग निजलं बिचारं," म्हणाल्या.

नशिबाने त्यांच्या मुलाने केकसाठी आणलेला ग्रॅमचा काटा घरात होता, आणि हौसेने त्याने रोज सकाळी वजनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मागच्या बाजूला लिहून ठेवली होती. नवजात पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढतं. तीन पिल्लांची पहिल्या दिवशीची वजनं ९८, १०४, १०१ होती. तिसऱ्या दिवशी ती ११८, १२६, १२४ झाली होती. चौथ्याची ओळ अशी: ९२, ९३, ८९. चार ग्रॅमने काय होतंय, असं त्या पोराला वाटलं. पण साठ किलोच्या बाईचं एका रात्रीत अडीच किलो वजन उतरलं तर घर हादरेल, हे तेवढंच आहे. पहिल्या चोवीस तासांत एखाद-दोन ग्रॅम कमी झाले तर चालतं. त्यानंतर वजन एक दिवस जागच्या जागी राहिलं तरी ती सूचनाच. डोळ्यांना जे 'अचानक' वाटतं ते काट्याला बहुतेक वेळा आधीच कळलेलं असतं.

आता गोव्यात कुणाला गारठा सांगावा! पावसाळ्यातली रात्र २४-२५ अंशांची, आपण पंखा लावून झोपतो. पण पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला अंथरुणात ३० ते ३२ अंशांची ऊब लागते. त्याला थंडीने कापताही येत नाही, ऊब ते आईच्या आणि भावंडांच्या अंगातूनच घेतं. खोपीतलं गोणपाट खालून ओलसर होतं आणि वाऱ्याबरोबर सरी आत येत होत्या. सगळ्यांत लहान पिल्लू ढिगातून एकदा बाहेर ढकललं गेलं, की त्याला परत सरपटत जायचं बळ राहत नाही. पुष्कळदा मांजरी स्वतःच गार पिल्लाला बाजूला सारते. काकींना तो निर्दयपणा वाटला, पण तिला गार पिल्लू आपलं जिवंत पिल्लू वाटतच नाही. ऊब परत आली की बरेचदा तीच मांजरी त्याला चाटून जवळ घेते.

इथेच दुसरी गल्लत होते, आणि ती जास्त जिवावर बेतते. निपचित पिल्लू पाहिलं की पहिला विचार येतो, उपाशी आहे, दूध पाजा. काकीही ड्रॉपर शोधायला निघाल्या होत्या, वाटीत गाईचं दूध तयार होतं. गाईच्या दुधाने जुलाब होतात हा वेगळा प्रश्न. गार अंगात आतडं थांबलेलं असतं. शरीराचं तापमान साधारण ३४ अंशांच्या खाली गेलं की पोटात गेलेलं दूध पुढे सरकत नाही, तिथेच नासतं. गिळण्याची ताकद नसल्याने ते श्वासनळीतही उतरतं. भुकेलं पिल्लू आणि गार पिल्लू यांच्यात फरक करायला डोळे पुरत नाहीत, थर्मामीटर लागतो. टोक वाकणारा डिजिटल घ्यावा, टोकाला खोबरेल लावून शेपटीखाली अगदी किंचित आत ठेवावा. पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ च्या आसपास आकडा हवा. ताप मोजायचे बरेचसे थर्मामीटर ३२ च्या खाली आकडा न दाखवता Lo दाखवतात. तो बिघडला असं समजून बाजूला ठेवू नये.

आमच्या पिल्लाचा आकडा आला ३३.२. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती जुन्या पंचाच्या तीन घड्यांत गुंडाळली, वर मऊ फडकं, त्यावर पिल्लू, आणि बाटलीपासून सरकायला थोडी मोकळी जागा. तापवायचं ते सावकाश, एक ते तीन तासांत. हेअर ड्रायर किंवा उघडी गरम बाटली लावली तर कातडी भाजते आणि अशक्त हृदयाला ती घाई झेपत नाही. दोन चमचे कोमट पाण्यात पाव चमचा ग्लुकोज पावडर विरघळवली आणि दर पाच-सात मिनिटांनी बोटाने थेंबभर हिरड्यांवर चोळलं. घशात ओतायचं नाही. एवढ्याशा यकृतात साखरेचा साठा काही तासांचाच असतो, तो संपला की पिल्लू शुद्ध हरपतं.

एक वाजता ३४.९. दीडनंतर त्याने पहिल्यांदा मागचा पाय झटकला. काकी घाबरल्या, मला आनंद झाला. पावणेदोनला ३६.१ आलं आणि करंगळी तोंडात घेताच त्याने दोनदा ओढली. तेव्हा कुठे त्याला आईच्या मागच्या स्तनाला लावलं, तिथे दूध जास्त असतं. लावण्याआधी ८८ ग्रॅम, पंधरा मिनिटांनी ९०. दोन ग्रॅम दूध पोटात गेलं, हे काट्यानेच सांगितलं. नंतर सगळी पिल्लं आतल्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यात हलवली.

ऊब आणि साखर मिळूनही पिल्लू तासाभरात पुन्हा खाली गेलं, तर गारठा हे मूळ कारण नाही असं समजावं आणि सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. दूध नाकातून येत असेल तर टाळू फाटलेली असू शकते, तोंड उघडून पाहावं. हिरड्या पांढऱ्याफटक आणि अंगात पिसवा असतील तर रक्तच कमी झालंय. तिथे बारीक फणीने पिसवा काढाव्यात, कुत्र्यांचं पिसवांचं औषध कधीच लावू नये, त्यातल्या परमेथ्रिनने मांजर मरतं. पर्शियन मांजरीच्या पिल्लांना पहिल्या एक-दोन दिवसांत लालसर-तपकिरी लघवी झाली, तर आई आणि पिल्लाचा रक्तगट जुळत नसावा. अशा वेळी आईचं पहिलं दूधच त्याच्या रक्तपेशी फोडतं.

काकींकडे हेही पाहावं लागलं. नवव्या दिवशी सगळ्यांत जाड पिल्लाचं वजन जागच्या जागी राहिलं, तोंड उघडून श्वास, नाकाशी दुधाचा फेस. अंग मात्र गरम होतं, ३७.४. ऊब देऊन काहीच होणार नव्हतं. डॉक्टरांनी छातीत संसर्ग आहे म्हणून औषध सुरू केलं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेलं. त्याच सकाळी दिनदर्शिकेच्या मागे चौथ्याच्या ओळीत काकींनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, १५१.